संदेश रविवारचा, नोकरी सहा दिवसांची

करिंथ शहरात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू बनवण्याचं काम करायचा आणि दर शब्बाथाला सभास्थानात बोलायचा. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय पुढे सांगतो, की सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो पूर्णपणे वचनाच्या कामाला लागला. आपल्याकडच्या अनेक लहान मंडळ्यांत मात्र मदतीला कुणी येत नाही. पाळकसाहेब महिन्यातून एखाद-दोनदा फिरतीवर येतात. एरवी बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक किंवा एमआयडीसीतला पाळीवाला रविवारी उपासनेत उभा राहतो.

त्याची अडचण तासांची आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तास कुठे पडतात ही खरी अडचण आहे. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर सलग चार तास बसून केलेल्या तयारीत संदेश जुळतो, पण मुरत नाही. तेच चार तास आठवडाभर थोडे थोडे वाटले, तर बसमधला, जेवणाच्या सुट्टीतला वेळही आपोआप कामी येतो, कारण उतारा आधीच डोक्यात असतो. म्हणून उतारा रविवारी संध्याकाळीच ठरलेला हवा. ज्या मंडळ्या तीन वर्षांचं वाचनचक्र पाळतात त्यांना ही निवड करावीच लागत नाही.

समजा, उतारा आहे मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातले मजूर. सोमवारी टीकाग्रंथ उघडायचा नाही. फक्त उतारा वाचायचा, आणि त्याच्या आधीचा भागही. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. मत्तयाने कथा तिथे तोडलेली नाही. मागे एकोणिसाव्या अध्यायात पेत्र विचारतो, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? मजुरांची गोष्ट या प्रश्नाच्या उत्तरात येते. हे नजरेतून निसटलं, की संदेश हमखास ‘आळस सोडा, देवाच्या मळ्यात कामाला लागा’ या वळणावर जातो. गोष्टीत आळशी कुणी नाहीच. संध्याकाळी पाचच्या सुमारास नाक्यावर उभी असलेली माणसं सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही.

मंगळवारी, बुधवारी एकच प्रश्न बरोबर वागवायचा: यात काय खटकतं? इथे खटकते ती आठव्या वचनातली मजुरी वाटण्याची रीत. मालक कारभाऱ्याला शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पहाटे आलेल्यांना आधी दिनार देऊन वाटेला लावलं असतं तर तक्रारच झाली नसती. मालकाने त्यांना मुद्दाम थांबवलं, बघायला लावलं. त्यांची मजुरी कमी झालेली नाही, ठरलेला दिनार त्यांना मिळतो. दुखतं ते दुसऱ्याला तेवढंच मिळाल्याचं.

टीकाग्रंथ आता उघडावा, तेही खात्री करण्यापुरता: दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, अकरावा तास म्हणजे दिवस मावळायला तासभर उरलेला. मग गुरुवारी एक वाक्य लिहायचं. उदाहरणार्थ, ‘देवाच्या उदारपणाचा त्रास त्याच्याकडे जुने असलेल्यांनाच जास्त होतो.’ या वाक्याला हातभार न लावणारी प्रत्येक गोष्ट बाद, मग ती कितीही सुंदर असो. नोकरदार उपदेशकाला हे जड जातं. मोजक्या वेळात कष्टाने मिळालेली माहिती टाकवत नाही आणि द्राक्षमळ्यांची शेती, रोमी नाणी, पेत्राचं चरित्र असं सगळं पानात वाढलं जातं. श्रोत्यांना काय म्हणायचं होतं ते कळत नाही.

दाखले कामावरूनच मिळतात, तिथे जपावं. कंत्राटी आणि कायम कामगारांच्या पगारातली तेढ या उताऱ्याला तंतोतंत लागते. पण मंडळीत त्याच कारखान्यातली चार माणसं बसलेली असतात. सहकाऱ्याची गोष्ट नाव गाळूनही ओळखू येते. मजूर नाक्यावर सकाळी दहानंतरही उभी असलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली आहेत, त्यांचं वर्णन पुरे.

शुक्रवारी टिपण, शनिवारी ते मोठ्याने एकदा म्हणायचं, घड्याळ लावून. वीस मिनिटांच्या बोलण्याला दोन-सव्वादोन हजार शब्द लागतात; कागदावर दोन पानांचं वाटणारं टिपण तोंडाने बहुधा तीस मिनिटं घेतं. म्हणताना जीभ जिथे अडखळते तिथे शब्द पुस्तकातला असतो, स्वतःचा नसतो. कापायचं तर मधलं कापावं. घाईत शेवट आखडला, की मजुरांची कुरकुर ऐकू येते आणि मालकाचं उत्तर राहून जातं.

एखाद्या आठवड्यात ओव्हरटाइम लागतो, मंडळीत मयत होते, गुरुवारचं वाक्य हाती येत नाही. तेव्हा मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून तो जसाच्या तसा सांगण्याचा मोह होतो, आणि अलीकडे निम्म्या मंडळीने तो आधीच पाहिलेला असतो. त्यापेक्षा उतारा सावकाश वाचावा, आठव्या वचनापाशी थांबावं, मालकाने असं का केलं असेल हे दहा मिनिटं बोलावं आणि खाली बसावं.