पिक्सेलमधून मीटर काढताना

पुरुषांच्या कबड्डीची मॅट १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. प्रेक्षागृहात बाजूच्या रेषेमागे, थोड्या उंचीवर कॅमेरा लावला की हा आयत चित्रात आयत राहत नाही. जवळची बाजू लांब, दूरची आखूड, असा समलंब चौकोन दिसतो. समजा, १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात जवळचे दोन कोपरे (१८०, ९४०) आणि (१७४०, ९४०) इथे पडले, तर दूरचे दोन (४४०, ६६०) आणि (१४८०, ६६०) इथे. कंसातला पहिला आकडा डावीकडून मोजलेला, दुसरा वरून.

आता मॅटच्या रुंदीचा मध्य चित्रात कुठे येईल? ९४० आणि ६६० यांची सरासरी ८००, म्हणून ८००व्या ओळीवर बोट ठेवावंसं वाटतं. प्रत्यक्षात मध्य ७७२व्या ओळीवर येतो. ८००व्या ओळीवर ज्याचा पाय आहे, तो खेळाडू जवळच्या रेषेपासून पाच नव्हे, चार मीटरवर उभा आहे. सरासरीच्या भरवशावर राहिलं, तर दहा मीटर रुंदीच्या मॅटवर पूर्ण एक मीटरची चूक होते.

सपाट पृष्ठभाग आणि त्याचं छायाचित्र यांना जोडणारं जे रूपांतर आहे, त्याला होमोग्राफी म्हणतात. त्यात सरळ रेषा सरळच राहते, पण समांतर रेषा समांतर राहतीलच असं नाही, आणि अंतरांचं प्रमाणही टिकत नाही. वरच्या चित्रासाठी हे रूपांतर असं लिहिता येतं. `u`, `v` हे पिक्सेल. `X` म्हणजे डाव्या टोकापासूनचे मीटर, `Y` म्हणजे जवळच्या बाजूपासूनचे मीटर.

```
X = (7u + 6.5v − 7370) / (v − 100)
Y = (−20v + 18800) / (v − 100)
```

सगळी किमया खालच्या भागाकारात आहे. `v` जसजसा १०० च्या जवळ जातो, म्हणजे नजर क्षितिजाकडे सरकते, तसतसा एकेक पिक्सेल अधिकाधिक मीटर व्यापू लागतो. हे आकडे तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडले की नऊ संख्यांचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, तयार होतो. त्या नऊही संख्यांना एकाच आकड्याने गुणलं, तर वर-खाली दोन्हीकडे तेच गुणलं जातं आणि उत्तर बदलत नाही. म्हणून खरे अज्ञात आठच. एका बिंदूची जोडी, म्हणजे चित्रातला बिंदू आणि मॅटवरची त्याची माहीत असलेली जागा, दोन समीकरणं देते. चार जोड्या मिळाल्या की आठ समीकरणं होतात आणि काम भागतं. अट एवढीच की त्या चारांतले कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नसावेत.

पण चारच बिंदूंवर कोणी थांबू नये. पडद्यावर माउसने कोपरा टिपताना एखाद-दोन पिक्सेलची चूक होतेच, आणि चारच बिंदू असले की ती पुरेपूर उत्तरात उतरते. मॅटवर तर बिंदूंची चंगळ असते. मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, शिवाय दोन्ही बाजूंना एक मीटर रुंदीच्या लॉब्या. या रेषा जिथे एकमेकींना मिळतात, तिथले डझनभर बिंदू सहज हाती लागतात आणि त्यांची खरी जागा नियमपुस्तिकेतच लिहिलेली असते.

बारा जोड्यांची चोवीस समीकरणं होतात. टिपण्यातल्या चुकांमुळे ती सगळी एकदम पूर्ण करणारं उत्तर नसतं. मग प्रत्येक समीकरणात जी तूट राहते तिचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती कमीत कमी ठेवणाऱ्या नऊ संख्या शोधायच्या. हीच लघुतम वर्गांची पद्धत. समीकरण रेषीय व्हावं म्हणून भागाकार आधी काढून टाकतात, म्हणजे `X` ला छेदाने गुणून सगळं एका बाजूला आणतात. नऊही संख्या शून्य ठेवल्या तर तूटही शून्यच, पण ते उत्तर काय कामाचं? म्हणून नऊ संख्यांच्या वर्गांची बेरीज एक असावी, असं बंधन घालतात. पुढचं काम सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन, म्हणजे एसव्हीडी, करते. सर्वांत लहान सिंग्युलर मूल्याजवळचा सदिश हेच उत्तर. १९७१ साली अब्देल-अझीझ आणि करारा यांनी छायाचित्रमापनात कॅमेऱ्यासाठी याच घाटाची रीत मांडली. डायरेक्ट लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन हे नाव तिथलंच.

खरी गोम मात्र त्या बंधनातच आहे.

जवळच्या उजव्या कोपऱ्याची जोडी घेऊ: पिक्सेल (१७४०, ९४०), मॅटवर (१३, ०). तिच्या पहिल्या समीकरणाचे नऊ सहगुणक असे:

```
1740   940   1   0   0   0   −22620   −12220   −13
```

एकाच ओळीत १ आहे आणि २२,६२०ही. वर्ग केले की एकीकडे १ राहतो आणि दुसरीकडे ५१ कोटींच्या वर आकडा जातो. आता उत्तराच्या नऊ संख्यांकडे पाहू. त्यांत १८,८०० आहे, ७,३७० आहे आणि छेदातल्या `v` समोर नुसता १ आहे. वर्गांच्या बेरजेतला ९९.९९ टक्क्यांहून मोठा वाटा १८,८०० आणि ७,३७० हे दोघेच उचलतात. दूरचं लहान दिसणं ज्या संख्येवर अवलंबून आहे, तो बिचारा १ या हिशेबात कुठे दिसतही नाही.

आणि ते दोन मोठे आकडे एवढे मोठे का? कारण पिक्सेल चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात. त्या कोपऱ्याचा मॅटशी काडीचाही संबंध नाही. तरी ‘वर्गांची बेरीज एक’ या बंधनामुळे सगळा तोल त्याच कोपऱ्यावर ठरतो. मीटरऐवजी सेंटिमीटर घेतले किंवा पिक्सेल चित्राच्या मध्यापासून मोजले, तर याच टिपलेल्या बिंदूंमधून ही रीत वेगळी होमोग्राफी देते. मोजपट्टी बदलली म्हणून उत्तर बदलावं, हा कोणत्याही पद्धतीतला गंभीर दोष आहे. चार अचूक बिंदूंवर तो दिसत नाही, कारण तिथे तूट शून्यच असते. बिंदू जास्त आणि टिपणं सदोष, म्हणजे जिथे ही पद्धत खरोखर लागते, तिथेच तो उघडा पडतो.

रिचर्ड हार्टली यांनी १९९७ साली छापलेल्या लेखात यावर उपाय दिला. त्यांच्यासमोर दोन छायाचित्रांना जोडणारा आठ बिंदूंचा अल्गोरिदम होता. तो १९८१ साली लाँगेट-हिगिन्स यांनी मांडला होता आणि टिपणातल्या चुका त्याला सोसत नाहीत अशी त्याची ख्याती झाली होती. हार्टली यांनी दाखवलं की दोष अल्गोरिदमचा नाही, त्याला दिलेल्या आकड्यांच्या मापाचा आहे. होमोग्राफीलाही तोच उपाय जसाच्या तसा लागू पडतो.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी सगळ्या बिंदूंचा मध्य काढून तिथे शून्य ठेवायचं. मग असं माप लावायचं की बिंदूंचं त्या शून्यापासूनचं सरासरी अंतर दोनाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१, होईल. हाच आकडा का? कारण मग सरसकट बिंदूचे दोन्ही निर्देशांक १ च्या आसपास येतात आणि समीकरणात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या १ शी त्यांची बरोबरी होते. हे चित्रातल्या बिंदूंना वेगळं आणि मॅटवरच्या बिंदूंना वेगळं करायचं.

सोयीसाठी चार कोपऱ्यांवरच करून पाहू. चित्रातला मध्य (९६०, ८००) येतो आणि त्यापासून कोपऱ्यांचं सरासरी अंतर ६६५ पिक्सेल. मॅटचा मध्य (६.५, ५), सरासरी अंतर ८.२ मीटर. मघाचा कोपरा आता चित्रात (१.६६, ०.३०) झाला आणि मॅटवर (१.१२, −०.८६). तीच ओळ पुन्हा लिहू:

```
1.66   0.30   1   0   0   0   −1.86   −0.33   −1.12
```

उत्तराचा तक्ताही असाच माणसात येतो:

```
0.81    0       0
0      −2.90   −0.17
0       0.67    1
```

जो १ आधी १८,८०० च्या सावलीत हरवला होता, तो इथे ०.६७ होऊन २.९० च्या शेजारी बसला आहे. आता तुटीची बेरीज कमी करताना त्याचाही विचार होतो. शेवटी मध्य आणि माप उलट लावून तक्ता परत पिक्सेल-मीटरमध्ये आणायचा. ही शेवटची पायरी विसरली, तर उत्तर मॅटबाहेर कुठेतरी पडतं. आता मीटर घ्या, सेंटिमीटर घ्या, पिक्सेल कुठूनही मोजा. होमोग्राफी तीच मिळते.

मग नियम वापरायला घेता येतो. चढाईपटूच्या पायाचं टोक (१४२५, ७७२) या पिक्सेलवर टेकलं. `X` निघतो ११.३४ मीटर. त्या बाजूची बोनस रेषा ११.२५ वर आहे. म्हणजे पाय रेषेपुढे नऊ सेंटिमीटर गेला. त्या ठिकाणी आडवा एक पिक्सेल म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळे या नऊ सेंटिमीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र पाय खरोखर टेकलेला हवा, कारण होमोग्राफी फक्त मॅटच्या पातळीपुरतीच खरी असते. याच चित्राचा हिशेब उलट केला तर कॅमेरा सुमारे सात मीटर उंच आणि जवळच्या रेषेपासून जवळपास १९ मीटर मागे निघतो. तिथून पाहताना मॅटच्या मध्यावर उभ्या खेळाडूचा अर्धा मीटर उंचीवरचा गुडघा टिपला, तर तो जमिनीवर १.९ मीटर मागे उभा असल्यासारखं उत्तर येईल.

आकड्यांचं माप दुरुस्त झालं, म्हणून सगळंच दुरुस्त होतं असं नाही. बोनस रेषेवरचा बिंदू चुकून निदान रेषेच्या नावे नोंदला, तर ती एक मीटरची चूक वर्ग होऊन बाकीच्या सगळ्या बिंदूंना ओढते. अशा जोड्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी फिश्लर आणि बोल्स यांची १९८१ सालची रॅनसॅक पद्धत वापरतात. भिंगामुळे मॅटची कड चित्रात वाकलेली दिसत असेल, तर ते वाकणं आधी काढायला हवं, कारण या तक्त्याला वाकडी रेषा ठाऊकच नाही. शिवाय समीकरणातली तूट म्हणजे मॅटवरचं अंतर नव्हे, तर अंतर गुणिले छेद. म्हणून या उत्तरापासून सुरुवात करून खरं अंतर कमी करणारा, पायरीपायरीने सुधारत जाणारा आणखी एक हिशेब बहुतेक जण पुढे करतात.

तपासणी सोपी आहे. मध्यरेषा आणि दूरची लॉबीची रेषा मिळतात तो बिंदू हिशेबातून मुद्दाम बाहेर ठेवायचा. मॅटवर तो (६.५, ९) आहे आणि चित्रात (९६०, ६७९) च्या आसपास. त्याचे पिक्सेल नियमात घालून पाहायचे. इतक्या दूर उभा एक पिक्सेल म्हणजे पाच सेंटिमीटर, तेव्हा पाच-दहा सेंटिमीटरचा फरक हा टिपणाऱ्या हाताचा समजावा. चाळीस सेंटिमीटर आले, तर आधी बिंदूंच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात आणि मग भिंगाकडे वळावं.