मानीव उत्पन्न (आयकर)

मानीव उत्पन्न (इंग्रजी नाव : डीम्ड इन्कम) म्हणजे करदात्याने प्रत्यक्ष कमावले असे सिद्ध झालेले नसले, तरी आयकर कायदा ज्या रकमेला त्याचे उत्पन्न मानतो ती रक्कम. 'मानीव' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना गृहनिर्माण संस्थांच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे परिचित आहे. तेथे विकासकाने खरेदीखत करून दिले नाही तरी ते झाले असे कायदा धरून चालतो. आयकरातही कल्पना तीच आहे, मात्र येथे धरून चालण्याचा भार करदात्यावर पडतो.

हा शब्द कायद्यात अनेक ठिकाणी येतो. दोनपेक्षा अधिक घरे स्वतःसाठी ठेवणाऱ्या मालकाचे जास्तीचे घर रिकामे असले तरी ते भाड्याने दिले आहे असे मानून त्याचे भाडे उत्पन्नात धरले जाते. गावाकडे कुलूपबंद घर असलेल्या मुंबईच्या चाकरमान्याला याचा अर्थ लगेच कळेल. परंतु नोटिशीत हा शब्द वाचून लोक सर्वाधिक गोंधळतात तो बँकेत भरलेल्या रोख रकमेच्या संदर्भात, म्हणजे आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ६९ए खाली. रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंब्याच्या रोखीच्या व्यवहारांवरून हा संदर्भ चांगला समजतो.

नोटीस का येते

एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून दहा लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख भरली गेल्यास बँकेला ती माहिती आयकर विभागाला कळवावी लागते. ज्याने विवरणपत्र भरलेले नाही, किंवा भरले पण त्यात एवढी रक्कम दिसत नाही, त्याच्याकडे विचारणा होते. पहिल्या नोटिशीत केवळ माहिती मागितलेली असते. खुलासा न मिळाल्यास किंवा अपुरा वाटल्यास 'ही रक्कम कलम ६९ए खाली आपले उत्पन्न का मानू नये' अशा आशयाची कारणे दाखवा नोटीस निघते. ती प्रश्नाच्या रूपात असते. तिच्यात कर ठरलेला नसतो, आणि तिला कराची मागणी समजून घाबरणे किंवा कागदांत गुंडाळून ठेवणे या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. उत्तर आले नाही तर अधिकारी उपलब्ध माहितीवरून आपल्या मतीने निर्धारण करू शकतो.

कलम ६९ए चा आशय असा की, करदात्याकडे पैसा, सोने, दागिने किंवा अन्य मौल्यवान वस्तू आढळली, तिची नोंद त्याच्या हिशेबाच्या वह्यांत (त्या ठेवलेल्या असल्यास) नाही, आणि ती कोठून आली याचा खुलासा तो देत नाही किंवा दिलेला खुलासा अधिकाऱ्याला समाधानकारक वाटत नाही, तर तिचे मूल्य त्या वर्षीचे उत्पन्न 'मानता येईल'. जवळचे दुसरे कलम ६८ हे हिशेबाच्या वह्यांत जमा दाखवलेल्या रकमांसाठी आहे. बँकेचे पासबुक ही करदात्याची हिशेबवही नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने भाईचंद गांधी खटल्यात म्हटले होते. बहुतेक बागायतदार वह्या ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नोटिशीत सहसा ६९ए हेच कलम दिसते.

'मानता येईल' या शब्दांना वजन आहे. पी. के. नूरजहाँ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच धर्तीच्या कलम ६९ विषयी असे ठरवले की, खुलासा फेटाळला म्हणून रक्कम उत्पन्न मानलीच पाहिजे असे नाही, अधिकाऱ्याने परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. त्या प्रकरणात जमीन विकत घेणारी महिला तरुण होती आणि एवढी रक्कम तिने स्वतः मिळवलेली असणे शक्य नव्हते. नोटिशीला उत्तर देताना या मुद्द्याचा फार कमी लोक उपयोग करतात.

आंब्याच्या पैशाचा प्रश्न

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. स्वतःच्या बागेतील आंबा विकून आलेला पैसा त्यात मोडतो. आंबा वाशीच्या बाजार समितीत अडत्याकडे गेला, तर तो विक्रीची पट्टी देतो. तिच्यावर तारीख, पेट्यांची संख्या, दर आणि वजा केलेला खर्च असतो. खुलाशाचा खरा आधार हीच पट्टी होय. सातबारा उताऱ्याने बाग कोणाची आहे हे कळते, बागेतून त्या वर्षी किती पैसा आला हे कळत नाही. केवळ सातबारा जोडून दिलेली उत्तरे म्हणूनच कमी पडतात.

अधिकारी तारखाही पाहतो. हापूसचा हंगाम साधारण मार्च ते मे असतो. नोव्हेंबरात भरलेली रोख आंब्याची असेल, तर ती मधले सहा महिने घरात का होती हे सांगावे लागते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर ही अडचण अनेकांपुढे उभी राहिली. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. बाग कराराने देणाऱ्या मालकाचे उत्पन्न आणि झाडावरचे तयार फळ विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याचे उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने एक नाही. व्यापाऱ्याचा नफा शेतीचा ठरत नाही.

एक उदाहरण

समजा, रत्नागिरी तालुक्यातील एका बागायतदाराने २०१८-१९ या आर्थिक वर्षात बचत खात्यात १२,००,००० रुपये रोख भरले. नोटिशीनंतर त्याने ७,६०,००० रुपयांच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या तारखा भरण्याच्या तारखांशी जुळतात. १,४०,००० रुपये त्याने महिनाभर आधी त्याच खात्यातून काढले होते व काम न झाल्याने परत भरले, हे खात्याच्या उताऱ्यावरून दिसते. उरलेल्या ३,००,००० रुपयांविषयी 'नातेवाइकांनी दिले' एवढेच तो सांगतो. देणाऱ्याचे नाव नाही, कागद नाही.

अधिकाऱ्याने हा हिशेब मान्य केला, तर मानीव उत्पन्न तीन लाखांचे होते, बारा लाखांचे नव्हे. अशा उत्पन्नावर कलम ११५बीबीई खाली वेगळा दर आहे. २०१२ च्या वित्त अधिनियमाने हे कलम आले तेव्हा दर ३० टक्के होता. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मधील दुरुस्तीने तो ६० टक्के झाला, त्यावर कराच्या २५ टक्के अधिभार आला. म्हणजे कर १,८०,००० रुपये, अधिभार ४५,००० आणि या दोन्हींवर ४ टक्के उपकर ९,००० रुपये. एकूण २,३४,००० रुपये, म्हणजे रकमेच्या ७८ टक्के. त्यातून कोणताही खर्च किंवा तोटा वजा होत नाही. शिवाय मूळ कराच्या दहा टक्के, येथे १८,००० रुपये, दंड लागू शकतो. त्याने उत्तरच दिले नसते आणि सर्व बारा लाख मानीव ठरले असते, तर केवळ कर, अधिभार व उपकर मिळून ९,३६,००० रुपये झाले असते.

ते तीन लाख खरोखर नातेवाइकांचेच असण्याची शक्यता आहे. मानीव उत्पन्नाच्या कल्पनेतला कठोरपणा तेथेच आहे : रक्कम काळी आहे हे विभागाला सिद्ध करावे लागत नाही, तिचा उगम दाखवण्याची पहिली जबाबदारी खातेदाराची असते. देणाऱ्याची ओळख, त्याची ऐपत आणि व्यवहार खरा असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ त्याचे लेखी निवेदन व त्याच्या खात्याचा उतारा, दिल्यावर मात्र अधिकाऱ्याला ते कारण न देता फेटाळता येत नाही. निर्धारण आदेश प्रतिकूल आला, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत आयकर आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते.

आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे नव्या नोटिशींतील कलमांचे क्रमांक वेगळे असतात. त्यापूर्वीच्या वर्षांच्या प्रकरणांत १९६१ च्या अधिनियमातील ६८, ६९ए व ११५बीबीई हेच क्रमांक आढळतात.