पैकीच्या पैकी गुण मिळवणारं यंत्र

आठवीच्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. चक्रवाढ व्याजाच्या धड्याखाली वीस गणितं आहेत आणि त्याला ती वीसही येतात. ‘मुद्दल ५,००० रुपये, दर १० टक्के, मुदत २ वर्षे’ एवढं वाचलं, की त्याचा हात लिहितो : १,०५०. उत्तर बरोबर आहे. गुरुजी फळ्यावर मुद्दल ६,००० करतात. दर तोच, मुदत तीच. मुलगा क्षणभर थांबतो आणि पुन्हा १,०५० लिहितो, कारण ‘१० टक्के, २ वर्षे’ या शब्दांपाठोपाठ त्याला तेवढंच पाठ आहे. खरं उत्तर १,२६०. पहिल्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि दुसऱ्या वर्षी त्या बेरजेवर व्याज काढायचं, ही रीत त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. वीस गणितांच्या परीक्षेत मात्र त्याला वीसपैकी वीस मिळाले असते.

उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकालाही हाच रोग जडतो. त्या शास्त्रात त्याला ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. आपण ‘अतिजुळणी’ म्हणू. दिलेल्या उदाहरणांशी यंत्र इतकं तंतोतंत जुळतं, की त्या उदाहरणांमागचा नियम त्याच्या हातून निसटतो.

हे कसं घडतं ते एका रोपावर पाहू. कुंडीत घेवडा लावला आणि दर रविवारी पट्टीने उंची मोजली. पाच आठवड्यांच्या नोंदी सेंटिमीटरमध्ये अशा : ३, ४, ७, ८, ११. रोप आठवड्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं आहे, हे नुसत्या नजरेलाही कळतं. एकदा पट्टी तिरकी धरली गेली असेल, एकदा शेंडा झुकलेला असेल, म्हणून आकडे थोडे मागेपुढे झाले. या पाच बिंदूंमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढली, तर ती एकाही बिंदूला अचूक लागत नाही. दर आठवड्याला तिची अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास चूक होतेच. सहाव्या आठवड्यासाठी ती सांगते : १२.६ सेंटिमीटर. पटण्यासारखं आहे.

आता रेषेऐवजी हवं तसं वळू शकणारं वक्र घेऊ. गणितात त्यासाठी चौथ्या घाताची बहुपदी पुरते. तिच्यात पाच आकडे आपल्याला ठरवता येतात आणि नोंदीही पाचच आहेत, म्हणून ती पाचही बिंदूंतून हटकून जाते. चूक शून्य, पैकीच्या पैकी गुण! पण हेच वक्र सांगतं, की पहिल्या आणि दुसऱ्या रविवारच्या मध्यावर रोप ३ सेंटिमीटरवरून २.७ वर आलं होतं, म्हणजे चक्क आक्रसलं होतं. सहाव्या आठवड्यात ते २८ सेंटिमीटर होईल आणि सातव्यात ७९! पट्टी तिरकी धरल्याने आलेली चूकही वक्राने रोपाचा स्वभाव म्हणून पाठ केली. रेषेला पाठांतर जमत नव्हतं, म्हणून तिच्या हाती नियम लागला.

मग पाठ करण्याची ताकद कमी ठेवली की झालं, असं वाटेल. पुष्कळदा तो उपाय खरोखर चालतोही. पण २०१७ साली चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका प्रयोगाने हे प्रकरण इतकं सोपं नसल्याचं दाखवलं. त्यांनी ‘सिफार-१०’ हा प्रसिद्ध चित्रसंच घेतला. त्यात शिकवण्यासाठी ५०,००० छोटी चित्रं आहेत आणि विमान, मोटार, पक्षी, मांजर, बेडूक अशी एकूण दहा नावं. संशोधकांनी प्रत्येक चित्राचं खरं नाव काढून टाकलं आणि जणू चिठ्ठ्या टाकून दहांपैकी कुठलंही एक नाव चिकटवलं. बेडकाखाली ‘विमान’, मांजराखाली ‘जहाज’. अशा संचात शिकण्याजोगा नियमच उरत नाही. तरीही सुमारे साडेसोळा लाख आकडे जुळवता येणाऱ्या त्यांच्या न्यूरल नेटवर्कने ती सगळी खोटी उत्तरं बिनचूक पाठ केली. वेळही काही पटींनीच जास्त लागला. मग न पाहिलेली चित्रं समोर ठेवली, तेव्हा त्याची दहांतली जेमतेम एक ओळख बरोबर निघाली. म्हणजे डोळे मिटून नाव घेतल्यावर निघावी तेवढीच.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. तेच नेटवर्क खऱ्या नावांवर शिकवलं, तेव्हाही शिकलेल्या चित्रांवर त्याला पूर्ण गुण मिळाले. पण या वेळी न पाहिलेल्या चित्रांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक त्याने बरोबर ओळखली. विद्यार्थी तोच आणि प्रगतिपुस्तकावरचे गुणही तेच. एकदा नुसती घोकंपट्टी, तर एकदा खरं शिक्षण. पाठांतराची ताकद असणं हा स्वतः रोग नव्हे. रोग आहे की नाही, ते शिकलेल्या धड्यावरच्या गुणांवरून कळत मात्र नाही.

म्हणून या क्षेत्रातली पहिली शिस्त अगदी शाळेतली आहे : काही प्रश्न कुलपात ठेवायचे. हाताशी असलेल्या उदाहरणांतला एक भाग सुरुवातीलाच बाजूला काढतात आणि यंत्राला त्यावर शिकू देत नाहीत. शिक्षण चालू असताना दोन आकडे शेजारी शेजारी पाहतात : शिकलेल्या उदाहरणांवरची चूक आणि राखीव उदाहरणांवरची चूक. आधी दोन्ही घटतात. मग बहुधा अशी वेळ येते, की पहिली घटत राहते आणि दुसरी पुन्हा चढू लागते. इथून पुढे नियम शिकणं थांबून पाठांतर सुरू झालं, असं समजायचं. अनेकदा शिक्षण तिथेच थांबवतात. नाहीतर अधिक आणि वेगवेगळी उदाहरणं आणतात, म्हणजे घोकणं महाग पडतं आणि नियम शोधणं स्वस्त.

ही शिस्तही नकळत मोडते. राखीव प्रश्नांवर कमी गुण पडले म्हणून यंत्रात बदल केला, पुन्हा तपासलं, पुन्हा बदल केला. असं शंभरदा केलं, की कुलपातली प्रश्नपत्रिका हीच सराव परीक्षा होऊन बसते. म्हणून खरा हिशेब करायला आणखी एक संच लागतो, आणि तो शेवटी एकदाच उघडायचा. दुसरी फट याहून बारीक आहे. छातीच्या एक्स-रेवरून आजार ओळखणारं यंत्र घ्या. एकाच रुग्णाच्या चार फिल्म्स आहेत, त्यांतल्या तीन शिकवण्यात गेल्या आणि चौथी राखीव संचात. यंत्र त्या माणसाच्या बरगड्यांची ठेवण ओळखून उत्तर देऊ शकतं. आजार ओळखायची त्याला गरजच पडत नाही. फिल्म नवी असली तरी प्रश्न जुनाच राहतो. म्हणून वाटणी फिल्म मोजून करत नाहीत, रुग्ण मोजून करतात : एका माणसाच्या साऱ्या फिल्म्स एकाच बाजूला.

इथे विद्यार्थ्याची उपमा थोडी अपुरी पडते. त्या मुलाला मनातून ठाऊक असतं, की आपल्याला रीत येत नाही. मुद्दल बदलल्यावर तो क्षणभर थांबला होता. वक्र थांबत नाही. ७९ सेंटिमीटरचा घेवडा ते १२ सेंटिमीटरच्या घेवड्याइतक्याच सहजपणे सांगतं. त्यामुळे थांबण्याचं काम आपल्याकडे येतं. असं यंत्र विकायला आलेला माणूस ‘९९ टक्के अचूक’ म्हणाला, तर रुग्णालयाने गुरुजींसारखं मुद्दल बदलून पाहावं. हे ९९ टक्के कुणाच्या फिल्म्सवरचे, ते रुग्ण यंत्राने आधी पाहिले होते का, हे विचारावं. आणि मग आपल्याच कपाटातल्या, त्या यंत्राने कधीही न पाहिलेल्या रुग्णांच्या फिल्म्स त्याच्यासमोर ठेवाव्यात.