सोळा टक्क्यांचा बोनस चारवर आला तेव्हा

भावनगरच्या असोसिएटेड रबर इंडस्ट्री या कंपनीने साडेचार लाख रुपये गुंतवून इनार्को नावाच्या दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. त्यांचा लाभांश दरवर्षी येई, नफातोटा पत्रकात जमा होई आणि कामगारांचा बोनस काढताना हिशेबात धरला जाई. १९६८ मध्ये हे शेअर ‘एरिल’ या कंपनीच्या नावे झाले. एरिलची मालकी शंभर टक्के असोसिएटेड रबरचीच होती. आता लाभांश एरिलकडे जमा होऊ लागला आणि पुढे मूळ कंपनीकडे आलाच नाही. १९६९ सालचा बोनस आधीच्या सोळा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला. त्या काळी कायद्याने ठरवलेला किमान बोनस तेवढाच होता. वर्षाला तीन हजार पगार घेणाऱ्या कामगाराच्या हाती ४८० रुपयांच्या जागी १२० रुपये पडणार, असा हा फरक.

कामगारांचा सवाल साधा होता: शेअर तेच, मालक तेच, मग आमचा पैसा गेला कुठे? औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि गुजरात उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कारण असे, की कायद्याच्या नजरेत एरिल ही एक स्वतंत्र ‘व्यक्ती’ होती आणि तिचे उत्पन्न तिचे होते.

या म्हणण्याला बळकट आधार आहे. लंडनमधले चामड्याच्या बुटांचे व्यापारी आरॉन सॉलोमन यांनी आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. पत्नी आणि पाच मुलांकडे प्रत्येकी एक शेअर, बाकी जवळजवळ सगळे त्यांचेच. धंदा बुडाला तेव्हा देणेकऱ्यांनी सॉलोमन यांनाच गाठले. पण १८९६ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळे. कंपनीच्या कर्जासाठी भागधारकाच्या घरावर टाच येत नाही, याची हमी यातूनच मिळते. ती नसती, तर अनोळखी माणसाच्या धंद्यात कोणी पैसा घातला नसता. म्हणून न्यायालये हा पडदा सहजासहजी दूर करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भावनगरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, तेव्हा न्यायाधीशांनी एरिलकडे नीट पाहिले. तिच्याकडे मूळ कंपनीने दिलेल्या शेअरशिवाय काही मालमत्ता नव्हती. कसला धंदा नव्हता. इनार्कोच्या लाभांशाखेरीज उत्पन्न नव्हते. मग ही कंपनी काढली कशासाठी? कामगारांच्या बोनससाठी धरला जाणारा ढोबळ नफा कमी दाखवण्यापलीकडे दुसरा हेतू न्यायालयाला दिसला नाही. न्या. ओ. चिनप्पा रेड्डी आणि न्या. व्ही. खालिद यांनी पडदा बाजूला सारला आणि त्या लाभांशाची रक्कम मूळ कंपनीच्या नफ्यात धरून बोनस काढावा, असे ठरवले.

या निकालात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की शंभर टक्के मालकी ही गोष्ट एकटी पुरेशी ठरली नाही. याची दुसरी बाजू २०१४ मध्ये दिसली. एअर इंडियाच्या कॅन्टीनमधले कामगार म्हणत होते, की आम्ही एअर इंडियाचेच नोकर. कॅन्टीन चालवणारी हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही एअर इंडियाची शंभर टक्के मालकीची उपकंपनी होती. तरी तिचा स्वतःचा हॉटेलांचा व्यवसाय होता, आणि जबाबदारी टाळण्यासाठी उभी केलेला नुसता बुरखा म्हणून न्यायालयाने तिच्याकडे पाहिले नाही. पडदा शाबूत राहिला आणि कामगार हरले. हा निकाल त्या माणसांना कठोर वाटला असणार, पण एरिल आणि ही कंपनी यांत खरोखरच फरक होता. एकीकडे नुसते नाव आणि शेअरचा गठ्ठा, दुसरीकडे चालता धंदा.

म्हणून आपल्या कंपनीने एखादी मालमत्ता उपकंपनीकडे वळवली, की आधी तारखा पाहाव्यात. उपकंपनी केव्हा निघाली, आणि त्यानंतर लगेच कोणाचे देणे कमी झाले? मग तिची कामे पाहावीत: स्वतःचे गिऱ्हाईक, नोकर, उत्पन्न काही आहे का? आज उपकंपन्यांची मुख्य आकडेवारी मूळ कंपनीच्या वार्षिक हिशेबांना जोडावी लागते. युनियनच्या कार्यकर्त्यांनी ते पान वाचण्याची सवय लावून घ्यावी. जुने आणि नवे नफातोटा पत्रक शेजारी ठेवले, की नाहीशी झालेली उत्पन्नाची ओळ दिसते. भावनगरच्या कामगारांना तिच्यासाठी खूप थांबावे लागले. बोनस १९६९ चा होता, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९८५ मध्ये.