बारकोडवरचे ८९० आणि मिरजेहून गेलेले एक पत्र

मिरजेतल्या एका जनरल स्टोअरच्या गल्ल्यावर दुपारी दोनच्या सुमारास शांतता असते. त्या वेळात दुकानदार पत्रे लिहितात. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर त्यांचे घाऊक व्यापारी आहेत. त्यांच्याशी मालाची बोलणी फोनवर होतात, पण तक्रार किंवा खुलासा हवा असेल तर दुकानदारांना अजूनही कागदच लागतो. या वेळचे पत्र असे होते :

“मा. शेठ, सा. न. वि. वि. मागील पेटीतील मोबाइल चार्जरवर बारकोड ८९० ने सुरू होतो, म्हणून मी तो भारतीय म्हणून गिऱ्हाइकांना दिला. काल एका निवृत्त शिक्षकांनी खोका उलटा करून त्यावरील चीनचे नाव मला दाखवले. उलट, पेन्सिलींच्या पाकिटावर बारकोड ४०० ने सुरू होतो, म्हणजे माल जर्मनीचा, असे समजून मी तो बाजूला ठेवला होता. त्यावर उत्पादन भारतात झाल्याचे छापले आहे. बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून माल कुठे बनला हे खरोखर कळते का? कळत नसेल तर मी गिऱ्हाइकाला काय पाहून सांगावे? कृपया लेखी कळवावे.”

प्रश्न साधा आहे आणि तो पडायला कारणही आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर, मोबाइलवर एक संदेश घरोघर फिरला. ८९० म्हणजे भारतीय, ६९० ते ६९९ म्हणजे चिनी, तेव्हा खरेदी करताना एवढे पाहा, असा त्याचा मथितार्थ. तो वाचून गिऱ्हाइके दुकानात येऊन खोके उलटू लागली. मिरजेच्या या दुकानदारांनी तर तो संदेश कागदावर छापून गल्ल्यामागे चिकटवला होता. माल मागवतानाही ते त्याच कसोटीने निवड करत.

शेठजींचे उत्तर आठवड्याने आले. त्यांनी पहिल्याच ओळीत उलट विचारले होते : तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर एमएच-१० आहे, म्हणून ती गाडी सांगलीत बनली का?

एमएच-१० हा सांगलीच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक. गाडी चाकणला बनलेली असो, गुजरातमध्ये असो की चेन्नईजवळ, सांगलीत नोंदली की तिच्यावर एमएच-१० लागतो. पाटी पाहून नोंदणीचे कार्यालय कळते, कारखाना कळत नाही. बारकोडचे पहिले तीन आकडेही असेच नोंदणी कार्यालयाचे आहेत. जगभरात हे क्रमांक ‘जीएस१’ नावाची संस्था वाटते. तिच्या देशोदेशीच्या शाखांना आकड्यांचे गट ठरवून दिलेले आहेत. भारतातल्या शाखेकडे ८९०, चीनकडे ६९० ते ६९९, जर्मनीकडे ४०० ते ४४०. ज्या शाखेकडे कंपनी सभासद होते, त्या शाखेचा गट तिच्या बारकोडच्या सुरुवातीला येतो. या आकड्यांवरून उत्पादनाचा देश कळत नाही, हे खुद्द ‘जीएस१’नेच वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

म्हणजे दुकानदारांचा चार्जर आणि पेन्सिल, दोन्हींचे कोडे एकाच नियमाने सुटते. चार्जर आणणारा आयातदार भारतातला. त्याने आपल्या नावाने माल विकायचे ठरवले, भारतीय शाखेकडे नोंदणी केली, ८९० चा क्रमांक घेतला आणि चीनमधल्या कारखान्याला खोक्यावर तो छापायला सांगितले. पेन्सिलीची मूळ कंपनी जर्मन. तिने आपल्या देशात घेतलेलाच क्रमांक इथल्या कारखान्यातून निघणाऱ्या पाकिटावरही वापरला. दोघांनीही काही लबाडी केलेली नाही.

आकडा उलगडून पाहिला की हे आणखी स्पष्ट होते. समजा खोक्यावर ८९०१२३४५६७८९० असा तेरा आकड्यांचा क्रमांक आहे. सुरुवातीचे ८९० आणि त्यापुढचे काही आकडे मिळून कंपनीची ओळख होते. त्यानंतरचे आकडे कंपनी आपल्या एकेका वस्तूला स्वतः देते. पन्नास ग्रॅमच्या पाकिटाला एक, शंभर ग्रॅमच्या पाकिटाला दुसरा. अगदी शेवटचा आकडा तपासणीचा असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे घ्यायचे : ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीत जायला जेवढे कमी पडते, तेवढा शेवटचा आकडा. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून शून्य. रेषा पुसट असल्या किंवा आकडा हाताने टाइप करताना चुकला, तर हा हिशेब सहसा जुळत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारते. तेराही जागा अशा भरल्या. कारखान्यासाठी त्यात एकही जागा राखलेली नाही.

ती राखता येणारही नाही, कारण एकच वस्तू अनेक कारखान्यांत बनते. मॅगीचे पाकीट घ्या. नेस्ले कंपनी स्वित्झर्लंडची, पण तिच्या भारतीय कंपनीने नोंदणी इथे केली आहे, म्हणून तिच्या मालावर ८९०१०५८ ही सुरुवात दिसते. मॅगी गोव्यात डिचोलीला बनते, पंजाबात मोग्याला बनते, कर्नाटकात नंजनगूडलाही बनते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे, आणि बारकोड वस्तूला असतो. कारखाना शोधायचा तर बॅच नंबर पाहावा लागतो. बिस्किटांच्या पुड्यांवर बऱ्याचदा बारीक अक्षरांत पत्त्यांची यादी असते आणि बॅचच्या अमुक अक्षराचा कारखाना तमुक, असे त्याशेजारी लिहिलेले असते. ती यादी वाचणारा माणूस बारकोड वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खरे सांगू शकेल.

शेठजींच्या पत्रातला एक मुद्दा मात्र मिरजेत सगळ्यांनाच पटला. त्यांनी लिहिले होते, घरातले कोणतेही मराठी पुस्तक घ्या आणि मागचा बारकोड पाहा. पुण्यात लिहिलेले, पुण्यातच छापलेले पुस्तक असले तरी सुरुवात ९७८ ने. ९७८ हा कुठल्याच देशाचा आकडा नाही, तो जगभरच्या पुस्तकांसाठी राखून ठेवलेला आहे. (भारताची खूण त्याच्या पुढे येते, ८१ किंवा ९३.) सुपरमार्केटमध्ये वजन करून दिलेल्या काजूच्या पिशवीवरचा बारकोड बऱ्याचदा २ ने सुरू होतो. तोही देशाचा नाही, दुकानांनी अंतर्गत वापरासाठी घ्यायचा गट आहे. पहिले तीन आकडे म्हणजे देश, हे सूत्र धरले तर या पुस्तकाचा आणि काजूचा देश कोणता सांगणार?

मग गिऱ्हाइकाला काय पाहून सांगायचे? पत्रातला हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. उत्तर त्याच खोक्यावर, बारकोडपासून दोन बोटांवर असते. पाकीटबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांनुसार उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार याचे नाव-पत्ता वेष्टनावर हवा, आणि माल आयात केलेला असेल तर मूळ देशाचे नावही हवे. शिक्षकांनी दाखवलेली ओळ हीच. चार्जरच्या खोक्यावर ती तळाशी होती, अक्षरे बारीक, पण स्वच्छ. दुकानदारांनी ती वाचलीच नव्हती, कारण बारकोड पाहून त्यांचे समाधान झाले होते. त्या फिरत्या संदेशाने केलेले खरे नुकसान हे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कायद्याने छापायला लावलेली माहिती सोडून त्याने लोकांची नजर भलत्याच जागी वळवली. त्यात आयात माल देशी म्हणून खपला आणि इथल्या कामगारांच्या हातची पेन्सिल फळीमागे पडून राहिली.

छापलेल्या ओळीवरही संशय असेल तर चार्जरच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. मोबाइलच्या चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर मानकाच्या चिन्हाबरोबर R- आणि त्यापुढे आठ आकडे असतात. ही नोंदणी विशिष्ट कारखान्याच्या पत्त्यावर दिली जाते, परदेशातल्या कारखान्यालाही. शिक्षक समोर उभे असतानाच दुकानदारांच्या मुलीने ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप उघडून तो क्रमांक टाकला. उत्पादकाचे नाव आले, पत्ता आला, आणि पत्ता चीनमधला होता. खोक्यावरची ओळ आणि नोंदणी जुळली. क्रमांक टाकून काहीच निघाले नसते किंवा भलत्याच वस्तूची नोंद आली असती, तर मात्र तो माल परत पाठवण्याजोगा होता.

या वाटेलाही मर्यादा आहे. R- क्रमांक ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाच असतो, पेन्सिलीला किंवा कंगव्याला नाही. शिवाय भारतात जोडणी झालेल्या वस्तूतले सुटे भाग कुठून आले, हे वेष्टन सांगत नाही. तिथे दुकानदाराच्या हाती घाऊक व्यापाऱ्याचा कागदच उरतो.

म्हणून मिरजेहून दुसरे पत्र गेले, पहिल्यापेक्षा छोटे. “शेठ, खुलासा मिळाला, आभारी आहे. यापुढे प्रत्येक बिलात वस्तूपुढे उत्पादनाचा देश लिहावा. आयात मालावर मूळ देश व आयातदाराचा पत्ता छापलेला नसेल तर तो माल पाठवू नये, मी उतरवून घेणार नाही.” शेठजींनी मान्य केले. त्यानंतरच्या बिलात तो रकाना होता, दोन वस्तूंपुढे कोरा. दुकानदारांनी त्या दोन वस्तू मोजून बाजूला ठेवल्या आणि फोन लावला.

गल्ल्यामागचा कागद आता काढलेला आहे. पेन्सिली पुढच्या फळीवर आल्या आहेत. चार्जरही विकायला आहे, पण देताना दुकानदार खोका उलटा करून ती तळाची ओळ गिऱ्हाइकाला आधी दाखवतात. काही जण घेतात, काही जण परत ठेवतात.