कंसातली रक्कम आणि मागचा ‘सीआर’

पुरवठादार दुकानदाराला खातेउताऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतो. त्यातल्या रकमा एक्सेलमध्ये घ्यायच्या, तर कुठल्या आकड्याला वजा लावायचा? छापील उताऱ्यात वजाचं चिन्ह बहुधा नसतंच. त्याचं काम कधी कंस करतो, कधी रकमेमागचं ‘डीआर’ किंवा ‘सीआर’, म्हणजे नावे किंवा जमा.

यातला कंस वजाच सांगतो. नावे-जमेचं तसं नाही. तिथे आपणच आधी ठरवायचं. समजा, नावे अधिक आणि जमा वजा धरली. उताऱ्यात मागील बाकी ४२,५०० नावे आहे. मग १८,७५० चं बिल नावे पडलं, बाकी झाली ६१,२५० नावे. दुकानदाराने ६५,००० भरले, ते जमा. आता बाकी ३,७५० जमा, म्हणजे -३,७५०. पुढचं बिल ५,००० चं, बाकी १,२५० नावे.

फोटोत उजवी कड कापली गेली आणि ३,७५० मागचं ‘सीआर’ गेलं, तर ती बाकी अधिक होऊन बसते. मग ५,००० मिळवून ८,७५० यायला हवेत, पण कागदावर १,२५० आहेत. फरक ७,५०० चा, म्हणजे ३,७५० च्या बरोबर दुप्पट. चिन्ह उलटलं की फरक नेहमी दुपटीचा येतो. म्हणून ताळा बसला नाही की आधी फरकाचं निम्मं करावं आणि ती रक्कम उताऱ्यात शोधावी.

कंसाची खोडी वेगळी. अंधूक फोटोत डावा कंस एकासारखा दिसतो आणि (३,७५०) चे १३,७५० होतात. हा आकडा दिसायला अगदी सरळ, त्यामुळे तो ताळ्यातच पकडला जातो. (७३,७५०) चा मात्र १७३,७५० होतो. आपल्याकडे एक लाखाचा स्वल्पविराम असा पडत नाही, तो १,७३,७५० असा असतो. स्वल्पविरामच चोर दाखवतो!

एक्सेलचीही एक गंमत आहे. `(3,750.00)` असं टाइप केलं, की ते स्वतःहून वजा संख्या करतं. `3,750.00 Cr` मात्र त्याच्या लेखी नुसता मजकूर राहतो आणि `SUM` तो मुकाट्याने वगळतो. बेरीज येते, पण अपुरी. रक्कम आणि खूण वेगवेगळ्या रकान्यांत घेतलेली बरी. चिन्ह नंतर लावता येतं.

क्वचित कंस आणि ‘सीआर’ दोन्ही असतात. तिथे दोनदा वजा करून अधिक करायची घाई नको. अनेकदा दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात. कुठला अर्थ घेतल्यावर पुढची बाकी जुळते, ते पाहावं.

एक गोष्ट मात्र हा ताळा सांगू शकत नाही. सगळीच चिन्हं उलटी लावली तरी बेरजा तंतोतंत जुळतात. वरचा उतारा पुरवठादाराच्या वहीतला, तिथे नावे म्हणजे दुकानदाराकडून येणं. हीच रक्कम दुकानदाराच्या वहीत जमेला असते. बँकेच्या पासबुकात बचत खात्यावर ‘सीआर’ दिसतो, तो बँकेच्या वहीतला: बँक आपलं देणं लागते. त्यामुळे वही कोणाची, हे फोटोतल्या मथळ्यावरूनच ठरवावं लागतं, आणि फोटो काढताना नेमका तोच बाहेर राहतो.