दह्यातले पाहुणे, आतड्यातले रहिवासी

रात्री दूध विरजले, सकाळी दही लागले. त्यातले वाटीभर तसेच खाल्ले, थोड्याचे ताक केले, उरलेल्याची कढी. शेजारच्या पातेल्यात इडलीचे पीठ फुगून वर आले आहे. हल्ली या सगळ्यांना सरसकट ‘प्रोबायोटिक’ म्हटले जाते. पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे.

गैरसमज : प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक एकच.

वस्तुस्थिती : प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेल्यावर आरोग्याला फायदा करतात असे सिद्ध झालेले जिवंत सूक्ष्मजीव. प्रीबायोटिक हा जीव नव्हे, ते खाद्य आहे. आपल्याला न पचणारे काही घटक मोठ्या आतड्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचतात आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंचे अन्न होतात. कांदा-लसणातले इन्युलिन हे त्याचे ओळखीचे उदाहरण.

गैरसमज : घरचे दही खाल्ले की त्यातले जिवाणू आतड्यात वस्ती करतात.

वस्तुस्थिती : दही लावणारे लॅक्टिक आम्ल जिवाणू विरजणागणिक बदलतात. आपल्या पातेल्यात नेमके कोणते वाण आहे, हे घरी कळत नाही. प्रोबायोटिकचा फायदा मात्र वाणावर ठरतो, म्हणून शास्त्रीय अर्थाने प्रत्येक दह्याला ते नाव देता येत नाही.

आता संख्या पाहू. योगर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात ग्रॅममागे किमान १ कोटी जिवंत जिवाणू अपेक्षित असतात. घरच्या दह्यात तेवढेच धरले, तर १०० ग्रॅमच्या वाटीत १०० कोटी झाले. आपल्या शरीरात जिवाणू आहेत अंदाजे ३८ लाख कोटी, त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. म्हणजे ३८ हजार रहिवाशांमागे एक पाहुणा, आणि त्यांतलेही बरेच जठरातल्या आम्लात मरतात. उरलेले सहसा काही दिवसांत बाहेर पडतात.

तरीही दह्याचा एक फायदा पक्का आहे. ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, त्यांना दुधापेक्षा दही सोसते. दही लागताना काही लॅक्टोज आधीच संपलेले असते. शिवाय लॅक्टोज फोडणारे विकर जिवाणूंच्या पेशीत सुरक्षित राहून लहान आतड्यात पोहोचते. तिथे पित्ताने पेशी फुटते आणि विकर कामाला लागते. या कामासाठी जिवाणूला मुक्काम करावा लागत नाही.

गैरसमज : ताक, कढी आणि आंबट दही सारखेच गुणकारी.

वस्तुस्थिती : घुसळल्याने जिवाणू मरत नाहीत. ५० ग्रॅम दह्यात पेलाभर पाणी घातले, तरी त्या पेल्यात ५० ग्रॅम दह्यातलेच जिवाणू असतात. कढीला उकळी आली की मात्र ते मरतात. कढी पौष्टिक असेल, जिवंत नसते. दही जास्त आंबट म्हणजे जिवाणू जास्त, हेही खरे नाही. आंबटपणा हे त्यांनी तयार केलेले आम्ल. ते फार वाढले की त्यांच्याच जिवावर उठते. ताज्या दह्याचे ताक म्हणूनच बरे.

गैरसमज : इडली-डोशातून आंबवणाचे जिवाणू मिळतात.

वस्तुस्थिती : पीठ फुगवण्यात ल्युकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. पण दहा-बारा मिनिटे वाफवलेल्या इडलीत किंवा तव्यावरच्या डोशात ते जिवंत राहत नाहीत. आंबवण्याचा लाभ त्याआधीच पदरात पडलेला असतो : लोह आणि जस्त अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि पीठ हलके होते. नाचणीची आंबीलही शिजवलेली असते. ती कोमट झाल्यावर वरून ताक घातले, तर ताकातले जिवाणू जिवंत राहतात.

गैरसमज : रोज दही खाल्ले की आतड्यातल्या जिवाणूंची सोय झाली.

वस्तुस्थिती : स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी प्रौढ होते. त्यांतल्या एका गटाने १० आठवडे आंबवलेले पदार्थ खाल्ले आणि त्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली. पण हा गट छोटा होता आणि ते दही, केफिर, किमची असे पदार्थ दिवसाला सुमारे सहा वेळा खात होते. एका वाटीवरून तशी अपेक्षा धरता येत नाही.

रहिवाशांना रोज लागते ते खाद्य. कांदा, लसूण, तूर, हरभरा, राजमा यांतून ते मिळते. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेट बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे तेच मुख्य इंधन. एकदम खूप खाल्ले तर गॅस होतो, म्हणून सवय नसेल तर थोड्यापासून वाढवावे. आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास असणाऱ्यांना कांदा-लसूणच बाधू शकतात. त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

कांद्याची दह्यातली कोशिंबीर पाहुणे आणि रहिवाशांचे खाद्य या दोन्ही गोष्टी एका वाटीत आणते. फक्त कांदा दह्यातल्या जिवाणूंसाठी नसतो. दही वाटेतले काम करून निघून जाते. कांदा पुढे मोठ्या आतड्यात, तिथे आधीपासून राहणाऱ्यांच्या ताटात पडतो.